कचऱ्याचे डबे किती, केवढे आणि कोणत्या रंगाचे? नागपूरच्या एका शाळेत मोजून केलेला हिशोब

पहिल्या खेपेला आम्ही अठ्ठावीस डबे घेतले. चौदा हिरवे, चौदा निळे, सगळे साठ लिटरचे, आणि प्रत्येक वर्गात एक जोडी. फोटोत झकास दिसत होते. पंधरा दिवसांनी पाहिलं तर वर्गातल्या हिरव्या डब्यांत पेन्सिलचा भुसा आणि कुरकुऱ्याची पाकिटं होती, निळे डबे तळाशी चार बोटं भरलेले होते, आणि व्हरांड्यात जिथे मुलं खिचडी खातात तिथे एकच जुना टब काठोकाठ भरून उतू जात होता. आमच्या सफाईच्या मावशींनी डबे आले त्याच दिवशी विचारलं होतं, ''सर, डबे तं मस्त हायेत, पन भरल्यावर उचलाले कोन येईन?'' तेव्हा मी हसण्यावारी नेलं. डब्याचं माप ठरवताना पहिला प्रश्न तोच असायला हवा होता.

दुसऱ्या खेपेला आधी आठवडाभर कचरा मोजला आणि मग खरेदी केली. ती पद्धत इथे आकड्यांसकट देतो. शाळा पूर्व नागपुरातली आहे: मुलं ५६०, वर्ग १४, पहिली ते आठवी, दुपारचा आहार शाळेतच. तुमचे आकडे वेगळे येतील, पण हिशोबाची रीत बदलणार नाही. ऑफिस आणि रस्ता यांत काय वेगळं पडतं तेही शेवटी सांगतो.

आधी मोजा, आणि लिटरमध्ये मोजा

रंगाची रिकामी वीस लिटरची बादली घ्या. मापाच्या भांड्याने पाच-पाच लिटर पाणी ओतून आतल्या बाजूला मार्करने खुणा करा. रद्दीवाल्याकडे असतो तसा टांगायचा काटा उसना मिळाला तर उत्तमच. सोमवार ते शनिवार, शाळा सुटल्यावर, प्रत्येक ठिकाणचा कचरा वेगळा या बादलीत ओतायचा आणि दोन आकडे लिहायचे: किती लिटर आणि किती किलो. सुका कचरा दाबून भरू नका. मुलं डबा दाबून भरत नाहीत, तशीच टाकतात. बादली एकदा जमिनीवर आपटली की पुरे.

किलोवर भागणार नाही का, असं आमच्या मुख्याध्यापकांनीही विचारलं. भागत नाही, आणि का ते आमच्या आकड्यांतच दिसतं. ओला कचरा, म्हणजे उरलेली खिचडी, भाज्यांची देठं, फळांची सालं, रोज सरासरी १८ किलो निघाला आणि त्याने जागा घेतली ४० लिटर. सुका कचरा निघाला अवघा ९ किलो, पण त्याने जागा घेतली १५० लिटर. वजनात ओला दुप्पट आणि जागेत सुका जवळजवळ चौपट. आम्ही हिरवे-निळे डबे सारख्या मापाचे आणि सारख्या संख्येने घेतले होते. ते दोन्ही बाजूंनी चुकलं ते याच कारणाने.

सरासरीसोबत आठवड्यातला सगळ्यात जड दिवसही लिहून ठेवा. आमच्याकडे ओल्याचा तो दिवस ५८ लिटरचा होता. त्या दिवशी खिचडी करपली होती आणि निम्मी मुलं ताटं तशीच घेऊन आली. सुक्याचा दिवस २१० लिटरचा, हस्तकलेचा तास झाला त्या दिवशीचा. मोजणीसाठी परीक्षेचा किंवा सणाचा आठवडा घेऊ नका, पण वर्षातले दोन-तीन वेगळे काळ वहीत नोंदवा. जूनअखेर शाळा उघडते तेव्हा पुस्तकांच्या कव्हरांचा तपकिरी कागद येतो. संत्र्यांच्या दिवसांत डब्यात सालं येतात, आणि साल न दाबता टाकली की चांगलीच जागा खाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगणातल्या झाडांची पानगळ सुरू होते. एका सकाळच्या झाडलोटीत तीनशे लिटर पाला निघालेला मी स्वतः मोजला आहे.

तो पाला डब्यांच्या हिशोबात घेऊ नका. घेतला तर वर्षातल्या सहा आठवड्यांसाठी दुप्पट डबे घ्यावे लागतील आणि उरलेले दिवस ते रिकामे उभे राहतील. आम्ही कंपाऊंडच्या कोपऱ्यात कोंबडजाळीचा गोल पिंजरा करून पाला त्यातच टाकतो. अंगणातली मातीही डब्यात नको. ती जड असते आणि डब्याची चाकं मोडते.

गाडी कधी येते, आणि आली नाही तर?

आमच्या गल्लीत कचरागाडी सकाळी साडेसातच्या आसपास येते. म्हणजे दुपारी निघालेला कचरा रात्रभर शाळेतच राहतो. शनिवारचा कचरा थेट सोमवारी सकाळी जातो, मध्ये चाळीस-बेचाळीस तास. एप्रिलमधल्या नागपूरच्या उन्हात खिचडीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. शिवाय महिन्यातून एखाद्या दिवशी गाडी येतच नाही. तुम्हीही आधी पंधरा दिवस गाडीची वेळ आणि खाडे लिहून काढा. त्यावाचून डब्यांची संख्या ठरवणं म्हणजे पाण्याची वेळ माहीत नसताना टाकी घेणं.

मुख्य साठ्याचे डबे, म्हणजे फाटकाजवळचे, या हिशोबाने ठरतात:

रोजचे लिटर × दोन उचलींमधले दिवस ÷ ०.८

०.८ ने भागायचं कारण साधं आहे. डबा काठोकाठ भरला तर झाकण बसत नाही, झाकण बसलं नाही की कुत्री आणि गायी येतात. त्यामुळे पाचातला एक भाग मोकळा सोडायचा. हा हिशोब दोनदा करा: एकदा जड दिवस धरून एका दिवसाचा, आणि एकदा सरासरी धरून दोन दिवसांचा, गाडीचा एक खाडा गृहीत धरून. मोठा आकडा येईल तो घ्या.

सुक्याचा जड दिवस २१० लिटर, म्हणजे ०.८ ने भागून २६२. दोन दिवसांची सरासरी ३००, म्हणजे ३७५. मोठा आकडा ३७५. बाजारात चाकांचे डबे १२० आणि २४० लिटरचे सहज मिळतात. एक २४० आणि एक १२० मिळून ३६० होतात. पंधरा लिटर कमी पडतात, पण सुका कचरा थोडा दबतो, त्यामुळे आम्ही तेवढं चालवून घेतलं.

ओल्याचा जड दिवस ५८, म्हणजे ७२-७३. दोन दिवसांची सरासरी ८०, म्हणजे बरोबर १००. मग एक १२० लिटरचा चाकांचा हिरवा डबा घ्यावा असं कुणालाही वाटेल. मावशींचा प्रश्न इथे कामी आला.

आमच्या ओल्या कचऱ्याचं वजन लिटरला ०.४५ किलो भरलं. १२० लिटरचा डबा भरला तर आत ५४ किलो. अशा डब्यावर कंपनीने कमाल भार साधारण ४८ ते ५० किलोच लिहिलेला असतो. झाकणावर किंवा अंगावर ठशात पाहा, सापडेल. आणि आमच्या गल्लीत येणाऱ्या छोट्या गाडीला डबा उचलणारी यंत्रणा नाही, माणसंच तो उचलून उलटा करतात. दोघांनाही ५४ किलो खांद्याच्या उंचीवर नेता येत नाहीत. मग ते डबा तिथेच आडवा करून फावड्याने कचरा उपसतात, अर्धा रस्त्यावर सांडतो, आणि आठवड्याभरात त्यांना तुमची शाळा टाळावीशी वाटते. म्हणून आम्ही साठ लिटरचे दोन हिरवे ड्रम घेतले, झाकणाचे आणि दोन्ही बाजूंना कान असलेले. प्रत्येकात ठरल्याप्रमाणे ४८ लिटर भरले की वजन साडेएकवीस किलोच्या आसपास येतं. एक माणूस नेतो, दुसरा उलटा करतो.

सुक्याला ही अडचण नाही. २४० लिटरचा डबा ठरल्याप्रमाणे भरला तर आतला कचरा साडेअकरा किलो. तितकंच, किंवा थोडं जास्त, वजन डब्याचं स्वतःचं असतं. एकंदरीत, ओल्याला छोटे डबे जास्त घ्या आणि सुक्याला मोठे डबे कमी घ्या. एका ओळीत सांगायचं तर माझा सगळा अनुभव एवढाच आहे.

आतले डबे: जिथे कचरा होतो तिथे

फाटकाजवळचे डबे गाडीच्या वेळेवर ठरतात, तर आतले डबे माणसांच्या पावलांवर. मोजताना ठिकाणं वेगळी लिहिली होती त्याचा उपयोग इथे होतो.

वर्गात रोज सरासरी चार लिटर कचरा निघत होता, जड दिवशी नऊ, आणि तो सगळा सुका. आमच्याकडे घरून आणलेला जेवणाचा डबाही व्हरांड्यातच खायचा नियम आहे. म्हणून प्रत्येक वर्गात बारा लिटरचा एकच निळा डबा ठेवला, हिरवा नाहीच. ज्या ठिकाणी ओला कचरा निघतच नाही तिथे हिरवा डबा ठेवला की मुलं त्याला दुसरा सुका डबा समजतात. आमच्या पहिल्या चौदा हिरव्या डब्यांचं हेच झालं. तुमच्याकडे मुलं वर्गातच खात असतील तर मात्र जोडी लागेल, आणि हिरवा डबा जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच रिकामा करावा लागेल.

शिक्षकांची खोली आणि ऑफिस मिळून रोज २४ लिटर सुका कचरा. तिथे तीस लिटरचा एक निळा आणि चहाच्या चोथ्यासाठी दहा लिटरचा एक हिरवा ठेवला. कागदी कप निळ्यात, कारण त्याला आतून प्लास्टिकचा थर असतो आणि तो खतात कुजत नाही. खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पन्न्यांचा प्रश्न इथे काढत नाही. नागपूरकरांना तो माहीत आहे. फक्त थुंकलेली पन्नी निळ्यात गेली की आतला सगळा कागद रद्दीच्या कामाचा राहत नाही, इतकंच.

खरा घोळ व्हरांड्यात होता. आहाराच्या जागी ताटांतून सरासरी २८ लिटर ओला कचरा निघतो, जड दिवशी ४६. बाकीचा रोजचा १२ लिटर स्वयंपाकघरातला. नुसत्या मापावर गेलं तर साठ लिटरचा एक टब पुरेसा आहे, आणि आमच्याकडे तसाच होता. तरी जमिनीवर खिचडी सांडायची. एक दिवस मी घड्याळ लावून उभा राहिलो. एका मुलाला ताट झटकायला साधारण तीन सेकंद लागतात. ५६० मुलांना एका टबावर २८ मिनिटं लागणार. सुट्टी तेवढीच असते आणि मुलं शेवटच्या दहा मिनिटांत एकदम उठतात. रांगेचा कंटाळा आला की ताट टबाच्या शेजारी झटकलं जातं. तीन टब ठेवले की तेच काम नऊ-दहा मिनिटांत होतं. म्हणून व्हरांड्यात तीन जागी तीस लिटरचा एकेक रुंद तोंडाचा हिरवा टब ठेवला. माप कमी असूनही संख्या तीन, कारण इथे अडचण गर्दीची होती, जागेची नव्हती.

या टबांना झोपाळी झाकण लावू नका. दोन दिवसांत ते खिचडीने माखतं आणि मुलं हात लावायला तयार होत नाहीत. सुट्टीपुरतं तोंड उघडं असावं आणि नंतर मावशींनी साधं झाकण ठेवावं. स्वयंपाकघरातल्या देठांसाठी वीस लिटरची एक हिरवी बादली वेगळी. व्हरांड्यात निळे डबे दोन, चाळीस लिटरचे, आणि ते हिरव्याच्या आधी ठेवा, म्हणजे पाकीट टाकून मग ताट झटकता येतं. उलटं ठेवलं तर पाकीट खिचडीतच जातं.

फाटकापाशी साठ लिटरचा एक निळा डबा, कारण बाहेरच्या दुकानातून येणारी पाकिटं तिथेच पडतात. तो लोखंडी स्टँडवर टांगलेला, झाकणासहित आणि तळाला भोक असलेला असावा. पावसाळ्यात उघड्या डब्यात पाणी साचलं की भिजलेला कागद किलोकिलोने जड होतो.

मुलींच्या दोन स्वच्छतागृहांत पायाने उघडणारे लाल डबे, बारा लिटरचे, एकेक. आमची मोजणी रोज पाच लिटरची निघाली. गरज मुख्यतः सहावीपासूनच्या मुलींना असते. आवश्यकतेपेक्षा मोठा डबा घेतला की तो रोज रिकामा करायची सवय मोडते. शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचे कापलेले तुकडे टांगून ठेवा. वापरलेलं पॅड गुंडाळून टाकणं हा नियमही आहे आणि उचलणाऱ्याची सोयही.

रंग

२०१६ च्या घनकचरा नियमांत कचऱ्याचे तीन भाग होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत चार आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. रंग अनुक्रमे हिरवा, निळा, लाल आणि काळा घ्या. विशेष काळजीच्या कचऱ्यात ट्यूबलाइट, बल्ब, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं येतात. त्याला शाळेत एकच वीस लिटरचा काळा डबा पुरतो, आणि तो स्टोअरमध्ये कुलपात ठेवा. मुलांसमोर ठेवला तर त्यात वेफर्सची पाकिटंच मिळतील.

दुकानदाराकडे निळे डबे संपले की तो पिवळे देऊ करतो. घेऊ नका. पिवळा रंग दवाखान्याच्या जैववैद्यकीय कचऱ्याचा आहे.

नागपुरात रंगाची वेगळीच गोष्ट होते. उन्हात ठेवलेला स्वस्त निळा डबा दुसऱ्या उन्हाळ्यात राखाडी होतो आणि हिरवा पिवळट पडतो. बोट फिरवलं आणि पांढरी पूड लागली तर प्लास्टिक जळायला लागलं आहे असं समजा. पुढच्या मे महिन्यात झाकणाची बिजागरी तडकते. बाहेरचे डबे उन्हापासून संरक्षण असलेल्या प्लास्टिकचे, म्हणजे यूव्ही स्टॅबिलाइज्ड, आहेत का ते बिलावर लिहून मागा. जमल्यास उत्तरेकडच्या भिंतीच्या सावलीत ठेवा. वर्गातल्या डब्यांना ही काळजी नको, तिथे साधे चालतात.

आणि नुसत्या रंगावर विसंबू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी मुलं जवळपास प्रत्येक शाळेत असतात, त्यातही मुलगे अधिक. झाकणावर मोठ्या अक्षरांत 'ओला' किंवा 'सुका' आणि खाली आपल्याच शाळेत निघणाऱ्या वस्तूंची चित्रं काढा. आमच्या निळ्या झाकणावर कुरकुऱ्याचं पाकीट आणि पेन्सिलचा भुसा आहे, हिरव्यावर संत्र्याचं साल. सहावीच्या मुलींनी काढली आहेत. बाजारच्या स्टिकरवर सफरचंद असतं, ते आमच्या खिचडीच्या टबात कधीच दिसलेलं नाही.

बिघडतं कुठे

सगळं नीट मांडूनही पहिल्या आठवड्यात फाटकाजवळच्या निळ्या डब्यात खिचडी सापडली. वर्गांत घोळ नव्हता, व्हरांड्यातही नव्हता. मावशी आतले डबे एकाच पोत्यात रिकामे करून फाटकापर्यंत नेत होत्या, कारण दोन फेऱ्या मारायला वेळ नव्हता. चूक त्यांची नव्हती, आमची होती. आम्ही डबे घेतले, नेण्याची सोय केली नाही. एका हातगाडीवर एक हिरवी बादली आणि एक मोठं निळं पोतं बांधून दिलं, प्रश्न मिटला. तुमच्याकडे कचरा मिसळलेला दिसला की आधी माणसं टाकतात तिथे पाहा, मग फाटकावर पाहा. टाकतात तिथे वेगळा आणि फाटकावर मिसळलेला असेल तर दोष मधल्या वाटेत आहे.

डबे मांडल्यावर तीन आठवडे रोज शाळा सुटताना प्रत्येक डब्यावर खडूने पाव, अर्धा, पाऊण किंवा भरला असं लिहा. सलग दोन आठवडे पावाच्या खाली राहिलेला डबा उचलून दुसरीकडे न्या. आठवड्यातून दोनदा काठोकाठ भरणारा डबा मोठा करू नका, आधी तो सुट्टीनंतर एकदा रिकामा करून पाहा. डबा भरलेला नाही पण कचरा त्याच्या भोवती पडलेला आहे, तर माप बरोबर आणि तोंड किंवा जागा चुकलेली असते. आमच्या फाटकावरचा डबा तीन पावलं सरकवला आणि जमिनीवरची पाकिटं निम्म्यावर आली.

ऑफिस आणि रस्ता

ऑफिसात मोजणी सोपी, कारण कचरा जवळजवळ रोज सारखा असतो. प्रत्येक टेबलाखाली डबा असेल तर काढून टाका. तिथे ओला-सुका वेगळा होत नाही आणि ते रिकामे करण्यातच सफाईवाल्याची सकाळ जाते. चहाच्या जागी आणि प्रिंटरपाशी अशा दोनच जागा ठेवा. चहापाशी हिरवा आणि निळा, प्रिंटरपाशी फक्त कागदासाठी निळा. जेवणाचे डबे घरून येणाऱ्या ऑफिसात ओला कचरा फार कमी निघतो, तिथे मोठा हिरवा डबा घेऊ नका. दिवसाला १०० किलो किंवा त्याहून जास्त कचरा होत असेल तर मात्र तुम्ही मोठे कचरा उत्पादक ठरता आणि ओल्याची व्यवस्था शक्यतो आवारातच करावी लागते. आमची शाळा २७ किलोवर आहे, त्या हद्दीपासून बरीच लांब.

रस्त्याचा हिशोब निराळा, कारण तिथे कुणाचा कचरा मोजायचा हे आधी ठरवावं लागतं. घरांचा आणि दुकानांचा कचरा कचरागाडीचा. हातगाडीवाल्याने स्वतःचा डबा ठेवायचा, तसं २०१६ च्या नियमांतच लिहिलं होतं. तर्री-पोह्याच्या गाडीचे कागद आणि उरलेली तर्री रस्त्याच्या डब्यात येऊ लागली की तो डबा कितीही मोठा केला तरी सकाळी दहाला भरलेलाच दिसतो. रस्त्यावरचा डबा फक्त चालणाऱ्यांसाठी असतो. त्यामुळे तिथे माप लहान, टांगलेली चाळीस-पन्नास लिटरची जोडी, आणि जागा महत्त्वाची: बस थांबा, चहाचा ठेला, शाळेचं किंवा दवाखान्याचं फाटक. किती जोड्या हव्यात ते आधी झाडून घेतलेल्या रस्त्यावर रात्री दहाला फेरी मारून ठरवा. कचऱ्याचे ढीग जिथे पुन्हा जमलेले दिसतील त्या जागा मोजा. आम्ही शाळेसमोरच्या गल्लीत फिरलो तेव्हा चार सापडल्या. त्यातल्या दोन एकाच पानठेल्याच्या दोन बाजूंना होत्या, म्हणून जोड्या तीनच मागितल्या.

पहिल्या खेपेतले साठ लिटरचे डबे वाया गेले नाहीत. दोन हिरवे ड्रम म्हणून फाटकाशी लागले, एक निळा स्टँडवर टांगला, सहा पाल्याच्या पिंजऱ्याशेजारी खतासाठी भोकं पाडून वापरले. उरलेले एकोणीस शेजारच्या शाळांनी नेले. देताना आम्ही एकच अट घातली, की आधी आठवडाभर मोजा आणि मगच किती न्यायचे ते सांगा.